वसुली-थकबाकीची पट्टी काहींना एकच दिसते म्हणे. रंग बदलल्यावर तपासायचं कसं?

रेषारंग_खानापूर · सोमवार, रात्री ९.४०

खानापुरात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, आणि गणपतीच्या आगेमागे पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. एका संस्थेचा अहवाल शुक्रवारी छापायला जायचा आहे आणि प्रूफवर एक घोळ निघालाय.

अहवालात रचलेल्या पट्ट्यांचा तक्ता आहे. पाच वर्षं, पाच उभ्या पट्ट्या. प्रत्येकीत खाली वसुली, वर थकबाकी. एक्सेलमधून आला तेव्हा निळा आणि केशरी होता. चेअरमन म्हणाले, संस्थेच्या लोगोचे रंग घाला. मी कोरलमध्ये वसुलीला हिरवा `#4A7C2F` आणि थकबाकीला लाल `#C0392B` भरला. मला तरी झकास दिसला.

काल प्रूफ बघायला संचालक मंडळ बसलं. त्यातले एक निवृत्त मास्तर कागद हातात धरून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "थकबाकी कुठं आहे गा? पट्टी तर सगळी एकच दिसालीय." आधी मला वाटलं चष्म्याचं काम. दुसरे एक संचालक लगेच म्हणाले, "मास्तर, थकबाकी लपवली म्हणालाय काय?" आणि सभेआधीच सभा झाली. शेवटी मास्तरांनी हळूच सांगितलं, त्यांना लहानपणापासून लाल-हिरव्याचा गोंधळ आहे, कच्चं-पिकलं बोर ओळखता येत नसे.

म्हणजे निळ्या-केशरीत त्यांना दिसलं असतं, माझ्या बदलानंतर दिसेना. चेअरमन रंग सोडायला तयार नाहीत. मला दोन गोष्टी हव्यात: रंग बदलल्यावर असं होतंय का हे मास्तरांना न बोलावता कसं कळणार, आणि लाल-हिरवा ठेवून सुटका आहे का?

---

प्रेस_बापू_निपाणी · सोमवार, रात्री १०.०५

पोरी, येवढं काय नाय त्यात. तीस वर्षं मशीन चालवतोय. सोपी युक्ती सांगतो: प्रूफची काळी-पांढरी झेरॉक्स काढ. दोन भाग करड्याच्या दोन येगळ्या छटा दिसल्या तर पास, एकच दिसला तर नापास. रंगच काढून टाकल्यावर जे उरतं ते सगळ्यास्नी दिसतंय. सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर कायबी लागत नाय.

---

रेषारंग_खानापूर · सोमवार, रात्री १०.३२

काका, आत्ताच काढली. दोन्ही भाग एकाच करड्यात गेलेत, मधली रेघ नखानं शोधावी लागतेय. नापास. मग गंमत म्हणून जुन्या निळ्या-केशरी प्रूफची काढली, तर त्यातही फरक थोडाच आहे. पण तीच जोडी गेल्या वर्षीच्या अहवालात मास्तरांना नीट दिसली होती! मग झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा किती?

---

चिकोडीची_आई · सोमवार, रात्री १०.५०

माझ्या मुलालापण असंच आहे, आठवीत आहे. रंगांधळेपणाचे चष्मे मिळतात म्हणे ऑनलाइन, हजारोंना. त्याने तो बरा होतो का? माझ्या वडिलांनाही होतं. मला काही नाही, मग मुलाला कसं आलं?

---

शहापूरची_लेक · मंगळवार, सकाळी ७.१५

शहापूरची, सध्या बंगळुरात. तक्ते आणि नकाशे काढण्याचंच काम करते.

चिकोडीच्या ताईंना आधी: लाल-हिरव्याचा गोंधळ आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही न होता. आजोबांना होतं आणि नातवाला आलं, हे अगदी नेहमीचं. चष्मे काही रंगांमधला फरक ठळक करतात, पण डोळ्यात जे नाही ते आणून देत नाहीत. पैसे घालवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या. पुढे वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

आता रेषारंग, बापूकाकांची युक्ती अर्धी खरी आहे. झेरॉक्स फक्त उजेड-अंधार बघते. तुझा हिरवा आणि लाल उजेडात जवळजवळ सारखे आहेत, म्हणून ती एका करड्यात गेली आणि तिने तुला बरोबर सावध केलं. पण निळ्या-केशरीत मास्तरांचं काम उजेडावर चाललेलंच नव्हतं. लाल-हिरवा गोंधळणाऱ्या माणसाला निळा आणि पिवळसर हा फरक शाबूत असतो. ती जोडी झेरॉक्समध्ये जेमतेम दिसली तरी त्याला लख्ख दिसते. म्हणजे झेरॉक्समध्ये नापास झालेला प्रत्येक तक्ता वाईट असतोच असं नाही.

उलटही होतं. लाल नीट न दिसणारे काही लोक असतात, त्यांना लाल रंग झेरॉक्सपेक्षाही काळा दिसतो. गडद तपकिरीवर लाल अक्षरं झेरॉक्समध्ये बऱ्यापैकी उठतात, त्यांच्यासाठी बुडतात. तेव्हा पास झालेलं सगळं चांगलंच असतं असंही नाही.

मास्तरांना न बोलावता बघायचं तर फुकटात असं कर. तक्ता पीएनजी करून क्रोममध्ये उघड. F12 दाब, मग Ctrl+Shift+P दाबून `Show Rendering` टाइप कर. खाली सरकत गेलीस की `Emulate vision deficiencies` सापडेल. त्यात `Deuteranopia` आणि `Protanopia` या दोन्ही निवडी एकेक करून बघ. पहिली हिरवा-कमी माणसासारखी, दुसरी लाल-कमी माणसासारखी. फोटोशॉप असेल तर View मध्ये Proof Setup खाली हेच दोन पर्याय आहेत, आणि Ctrl+Y ने चालू-बंद होतात. फरक चालू-बंद करतानाच कळतो, नुसतं एकदा बघून नाही.

---

हुबळी_पॅसेंजर · मंगळवार, सकाळी ८.४०

माझी गोष्ट सांगतो, मग बघा. मी मूळचा अनगोळचा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला लेखी पास झालो, हुबळीला मेडिकलला गेलो. ठिपक्यांची पुस्तिका पुढं धरली. पहिल्या पानावरचा आकडा बरोबर सांगितला, पुढचे काहीच दिसेनात, नुसते ठिपके. तिथंच संपलं. आता बेळगावात हार्डवेअरचं दुकान आहे, तारांचे रंग बायको ओळखते.

तेव्हा मला विचारा. मी हा तक्ता बघू शकतो. जुना नि नवा दोन्ही टाका की इथं.

---

रेषारंग_खानापूर · मंगळवार, दुपारी १.१०

दोन्ही जोडले आहेत. आणि ताई, क्रोममध्ये बघितलं. `Deuteranopia` लावल्यावर अक्षरशः अंगावर काटा आला. लाल आणि हिरवा दोन्ही सुकलेल्या शेणासारखे झाले, एकच पट्टी. मास्तर खरं तेच सांगत होते. `Protanopia` मध्ये मात्र थकबाकी वसुलीपेक्षा जरा काळपट, म्हणजे थोडा तरी फरक दिसला.

---

हुबळी_पॅसेंजर · मंगळवार, दुपारी १.३०

जुन्या तक्त्यात वरचं आणि खालचं लगेच वेगळं. नव्यात पट्टी एकच. मी सरळ सांगालोय, मला त्यात वरचा भाग आहे हेच ठाऊक नसतं तर विचारलंही नसतं. तुमचे मास्तर हुशार, त्यांना काहीतरी नसल्याचं कळलं.

एक गंमत करून बघितली. तुमचा नवा तक्ता मीपण क्रोममध्ये टाकला. `Deuteranopia` चालू-बंद, चालू-बंद. काही बदलतच नाही! वाटलं बटणच बिघडलंय. बायको म्हणाली, "अहो, केवढा बदलालाय." `Protanopia` ला मात्र मला वरचा भाग काळा झालेला कळला.

---

शहापूरची_लेक · मंगळवार, दुपारी २.०५

पॅसेंजर दादा, यावरून कळतं की तुमचा प्रकार हिरवा-कमी आहे आणि क्रोमच्या त्या नकलेच्या पडद्याने तो जवळपास बरोबर दाखवलाय. तुमच्यासाठी खरं चित्र आणि नक्कल सारखीच असली, तर नक्कल चांगली. इतरांसाठी ती फक्त अंदाज आहे. कारण हे पर्याय टोकाचे आहेत: हिरव्याची जाणीव पूर्ण गेलेला माणूस दाखवतात. प्रत्यक्षात बऱ्याच लोकांची जाणीव गेलेली नसते, सरकलेली असते, आणि त्यांना जवळून मोठा भाग बघितला तर फरक कळतो. बारीक रेघ किंवा ठिपका असेल तर तेही अडकतात.

रेषारंग, मी तुझ्या रंगांचा हिशोबही करून बघितला. २००९ साली माचादो आणि सहकाऱ्यांनी दिलेलं गणित वापरलं. हिरवा-कमी डोळ्याला तुझा लाल साधारण १३०, ११७, ३८ असा होतो आणि हिरवा १२१, ११०, ५३ असा. आरजीबीचे हे दोन आकडे शेजारी भरून बघ, कुणालाही फरक शोधावा लागेल.

उजेडाच्या फरकाचं गुणोत्तर काढायला हे पुरतं. पायथॉन नसेल तर कुठलंही कॉन्ट्रास्ट तपासणारं पान चालेल, उत्तर तेच येईल:

```python
def lin(c):
    c /= 255
    return c/12.92 if c <= 0.04045 else ((c+0.055)/1.055)**2.4

def lum(r, g, b):
    return 0.2126*lin(r) + 0.7152*lin(g) + 0.0722*lin(b)

x, y = lum(192,57,43), lum(74,124,47)
print((max(x,y)+0.05) / (min(x,y)+0.05))
```

तुझ्या जोडीचं उत्तर १.०९. एक म्हणजे उजेडात फरक शून्य. वेबसाठीच्या WCAG 2.1 मध्ये 1.4.11 हा नियम आहे, त्यात तक्त्याचा अर्थ कळण्यासाठी लागणाऱ्या भागांना शेजारच्या रंगाशी निदान ३ हवं. छापील अहवालाला तो नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून मी तोच धरते.

---

प्रेस_बापू_निपाणी · मंगळवार, दुपारी ३.४०

म्हंजे झेरॉक्स अगदीच वाया नाय गेली! येक सांगतो. लाल-हिरवाच ठेवायचा तर एक गडद कर नि एक फिका. आणि ताई म्हणत्यात की लाल-कमीवाल्याला लाल काळा दिसतोय, तर मग लालच गडद करायचा. काळ्याचा आणखी काळा होईल, हिरवा फिका राहील, अंतर वाढंलच. सुटला प्रश्न.

---

रेषारंग_खानापूर · मंगळवार, सायंकाळी ६.२०

काका, पटलं. दोन जोड्या बनवल्या.

पहिली: वसुली गडद हिरवी `#1B4D1F`, थकबाकी फिकट लाल `#E0705C`.
दुसरी: थकबाकी गडद लाल `#8B1A1A`, वसुली फिकट हिरवी `#6FA04A`.

ताईंच्या हिशोबाने दोन्हींचं आपसातलं गुणोत्तर तीनच्या वर. पांढऱ्या कागदाशीही तीनच्या वर ठेवायला बराच वेळ गेला. फिकट लाल आधी जरा जास्तच फिकट केला होता, `#F08A7A`. गडद हिरव्याशी छान चार आले, पण पांढऱ्याशी २.४ वर घसरला, पट्टीचं वरचं टोक कागदात विरघळायला लागलं. खालून ओढलं की वर उघडं, वरून ओढलं की खाली.

चेअरमनना दुसरी जोडी आवडली. म्हणाले, "थकबाकी गडद दिसू दे, सभासद घाबरतील."

---

शहापूरची_लेक · मंगळवार, रात्री ८.५५

बापूकाका, तुमचं म्हणणं लाल-कमी माणसापुरतं अगदी बरोबर निघालं. दुसरी जोडी त्या डोळ्याने बघितली की गुणोत्तर तीनवरून जवळपास चारवर जातं. पण हिरवा-कमी डोळ्याने तीच जोडी २.६ वर येते. कारण त्या नकलेत गडद लाल थोडा उजळतो.

पहिल्या जोडीचं बरोबर उलटं. हिरवा-कमी माणसाला ३.६, लाल-कमी माणसाला २.५. म्हणजे एकाचं भलं करायला गेलं की दुसऱ्याचं थोडं कमी होतं. कुठली जोडी घ्यावी याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या मास्तरांसारखे हिरवा-कमी लोक एकूणात जास्त असतात, म्हणून मी असते तर पहिली घेतली असती. पण २.६ म्हणजे दिसत नाही असं नव्हे. १.०९ वरून २.६ वर आलात तर मास्तरांना पट्टीतली हद्द दिसेल.

हद्द दिसणं आणि कुठला भाग कशाचा हे कळणं मात्र वेगळं. दोन छटा दिसल्या तरी "गडद म्हणजे काय" हे त्याला लेजंडमध्ये जाऊन जुळवावं लागतं. त्यासाठी दोन साध्या गोष्टी कर. दोन्ही भागांमध्ये एक पांढरी रेघ सोड, एक पॉइंट जाडीची. मग हद्द रंगावर अवलंबून राहतच नाही. आणि लेजंड सोडून नावं सरळ पट्टीवर लिही.

---

रेषारंग_खानापूर · मंगळवार, रात्री ९.३०

पांढरी रेघ लगेच केली. नावं पट्टीवर लिहायचं तेवढं सोपं नाही हो ताई. अहवाल दोन भाषांत आहे. पट्टी अरुंद, त्यात "थकबाकी" आणि त्याच्याखाली कन्नड शब्द. दोन्ही बसवले तर अक्षर सहा पॉइंटवर जातंय, वयस्कर सभासदांना भिंग लागेल. म्हणूनच सगळे लेजंड बाजूला काढतात आमच्याकडे.

---

सीमेवरचा_वाघ · मंगळवार, रात्री ९.४५

कन्नड खाली का मराठी खाली, हा खरा प्रश्न आहे!!! लोगोत भगवा का नाही घातला ते पण विचारा चेअरमनला

---

रेषारंग_खानापूर · मंगळवार, रात्री ९.५२

वाघ भाऊ, आमच्या संस्थेत दोन्हीकडचे सभासद आहेत आणि थकबाकीही दोन्हीकडची आहे. तो विषय इथे नको.

---

शहापूरची_लेक · मंगळवार, रात्री १०.१५

नावं प्रत्येक पट्टीवर कशाला? फक्त शेवटच्या, म्हणजे उजव्या टोकाच्या पट्टीच्या बाहेर मोकळ्या जागेत दोन्ही भाषांत लिही, भागाच्या समोर, नऊ पॉइंटमध्ये. नजर तिथून डावीकडे जाते. उरलेल्या चार पट्ट्यांत फक्त आकडा ठेव. आकडा आत पांढऱ्या अक्षरात असेल तर गडद भागावर चालेल, फिकट भागावर मात्र काळ्या अक्षरात घे.

लोगोचं विसरू नकोस. त्याच रंगांचा आहे म्हणालीस. तो पण एकदा पडद्यातून काढ.

---

रेषारंग_खानापूर · बुधवार, सकाळी ११.२०

लोगो बघितला. भाताची लोंबी आहे हिरवी, मागे सूर्य. मूळ लोगोत सूर्य पिवळा होता. चार वर्षांपूर्वी कुणीतरी "शोभत नाही" म्हणून लाल केला, आणि मी तोच उचलला. पडद्यात लोंबी सूर्यात गायब होते, नुसता एक खाकी गोळा राहतो. हे चार वर्षं पावत्यांवर, पाटीवर, शिक्क्यावर छापलं जातंय.

सूर्य परत पिवळा करायला चेअरमन तयार नाहीत, पण लोंबीभोवती पांढरी कड करायला तयार झाले. पडद्यात बघितलं, लोंबी परत आली. लेटरहेडवरच्या अगदी लहान आकारात कड जाड करावी लागली, नाहीतर छपाईत ती शाईने भरून जाते.

---

प्रेस_बापू_निपाणी · बुधवार, दुपारी १२.०५

शाई भरायचा मुद्दा बरोबर. माझ्याकडं आर्टपेपरवर अर्धा पॉइंटची पांढरी रेघ टिकती, साध्या मॅपलिथोवर नाय टिकत. अहवाल आतल्या पानांना साधा कागद वापरतात, तवा एक पॉइंट पायजेच. आणि स्क्रीनवर बघून खूश होऊ नकोस, प्रूफ आमच्या कागदावर काढूनच बघ. हिरवा आमच्याकडं जरा मेलाच निघतोय.

---

शहापूरची_लेक · बुधवार, दुपारी १२.४०

काकांशी पूर्ण सहमत. क्रोममध्ये तपासला तो आरजीबी रंग. छापताना तो चार शाईंत जातो आणि बदलतो. शेवटच्या कागदाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून तोच पुन्हा पडद्यात टाक. अचूक नसेल, पण मोठा घोळ असेल तर दिसेल.

---

रेषारंग_खानापूर · गुरुवार, दुपारी ४.१०

शेवटचं प्रूफ आलं. दुसरी जोडीच घेतली (चेअरमनची थकबाकी गडदच राहिली), मध्ये पांढरी रेघ, शेवटच्या पट्टीच्या बाहेर दोन्ही भाषांत नावं, आत आकडे. लेजंड काढला नाही, सवयीने बघणारे लोक आहेत म्हणून कोपऱ्यात ठेवला. मी पडद्यातून तीनदा बघितलं, नवरा म्हणाला आता पुरे. फोटो जोडलाय. उद्या सकाळी नऊला प्लेट निघणार.

---

हुबळी_पॅसेंजर · गुरुवार, रात्री ७.३०

पट्ट्या आता स्पष्ट दिसाल्यात. पांढऱ्या रेघेमुळे तर आकडा न वाचताच कळतंय. लोगोत लोंबीपण दिसाली, आधी मला वाटायचं ते नुसतं नाणं आहे.

पण ताई, कोपऱ्यातल्या लेजंडमधली दोन चौकोनं मला सारखीच दिसालीत. पट्टीत वेगळं दिसतं, तिथं नाही. वर थकबाकी म्हणून लिहिलंय, खाली वसुली, पण चौकोन दोन्ही तेच. माझ्याच डोळ्याचा दोष असला तर सोडा.

---

रेषारंग_खानापूर · गुरुवार, रात्री ७.५८

दादा, तुमच्या डोळ्याचा दोष नाही. आत्ता उघडून बघितलं. तक्ता एक्सेलमधून आणताना लेजंड चित्र म्हणून चिकटला होता. पहिल्यांदा लोगोचे रंग भरले तेव्हा चौकोनं हाताने रंगवली होती, `#C0392B` आणि `#4A7C2F`. आता कोरलमध्ये रंग बदलले तेव्हा पट्ट्या बदलल्या, चित्र तसंच राहिलं. मला लाल दिसला, हिरवा दिसला, म्हणून मी पुढे गेले. पडद्यातून बघतानाही नजर पट्ट्यांवरच होती.

आत्ता पॉवरक्लिप काढून नवी चौकोनं टाकतेय. बापूकाका, सकाळची प्लेट अकराला घ्याल का?

---

प्रेस_बापू_निपाणी · गुरुवार, रात्री ८.१५

ये अकराला. पण पॅसेंजरला चहा पाज एकदा.